वरातीच्या जनरेटरचा खुलासा

धुळ्याला जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात मी वरिष्ठ सहायक होते. लसींच्या भांडारात एक औषधनिर्माते होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. मीही तोंडावर आबाच म्हणायची, पण मनात दुसरंच काहीतरी. माझ्या सासूबाईंच्या औषधांच्या बिलावर या माणसाने शेरा मारला होता, ‘सदर औषध शासकीय भांडारात उपलब्ध होते.’ बिल नामंजूर झालं. शेरा खरा होता, म्हणूनच माझा राग जास्त होता. तीन वर्षं आम्ही कागदापुरतं बोलत होतो.

आणि त्याच आबांचा खुलासा लिहायचं काम माझ्या टेबलावर आलं.

लेखापरीक्षकांचं पथक तेव्हा आमच्याकडे बसलं होतं. त्यांनी अर्धसमास पत्र काढलं. अर्धसमास म्हणजे उभा दुमडलेला कागद, डाव्या अर्ध्यात त्यांचा प्रश्न, उजव्या अर्ध्यात आपलं उत्तर. प्रश्न असा होता: आरोग्याच्या निधीतून एका बँड पथकाला रक्कम का दिली? दरपत्रकं का मागवली नाहीत? मंजुरी कोणाची, कधीची? समाधान न झाल्यास संबंधिताकडून वसुली का करू नये? सोबत जोडलेल्या पावतीवर तुतारी वाजवणाऱ्या माणसाचं चित्र छापलेलं होतं. साऱ्या कचेरीत हशा पिकला. आबा हसले नाहीत. त्यांना निवृत्तीला तीन महिने उरले होते, आणि आक्षेप मिटेपर्यंत त्यांची ग्रॅच्युइटी अडकणार होती. वसुली निघाली तर ती त्यातूनच कापली जाणार होती.

घडलं होतं ते इतकंच. आदल्या वर्षी मे महिन्यात, शुक्रवारी दुपारी भांडाराजवळचं रोहित्र जळालं. वीज मंडळाने सोमवारपर्यंत हात वर केले. आत सबंध जिल्ह्याच्या लसी. आबांनी साहेबांच्या, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर फोन केला, तर साहेब नातेवाइकाच्या लग्नाला बाहेरगावी गेलेले, रजा न टाकता. ऐन लग्नसराईत भाड्याचं जनरेटर मिळालं ते एका बँडवाल्याचं, वरातीच्या दिव्यांचं. आबांनी ते आणून तीन दिवस चालवलं. साहेब सोमवारी आले, बुधवारी त्यांनी कार्योत्तर मंजुरी दिली, पंधरा दिवसांनी धनादेश निघाला.

मी हे सरळ लिहायला घेतलं, तोच कार्यालय अधीक्षक माझ्या टेबलाशी आले. साहेबांच्या केबिनमधून आले होते हे चेहऱ्यावरूनच कळत होतं.

“बाई, तारखा फार विस्कळीत दिसतात. आधी खर्च, मग मंजुरी. जरा नीट लावा.”

“घडलं त्याच क्रमाने लावल्या आहेत.”

“शुक्रवारच्या आधीचा बुधवार घ्या. वीज खालीवर होत होती, म्हणून साहेबांनी आगाऊ मंजुरी दिली, विहित पद्धतीने कार्यवाही करावी असं लिहून. नंतरची मंजुरी फक्त औपचारिक. जावक नोंदवहीत त्या बुधवारी एक क्रमांक मोकळा आहेच की तुमचा.”

तो ‘तुमचा’ माझ्या वर्मी लागला, कारण ते खरं होतं. जावक नोंदवही माझ्याकडे होती, आणि रोज संध्याकाळी एखादा क्रमांक कोरा सोडायची पद्धत होती. उद्या कुणा साहेबाला मागच्या तारखेचं पत्र लागलं तर असावा म्हणून. मला तसंच शिकवलं होतं आणि मी कधी का म्हणून विचारलं नव्हतं.

बुधवारच का, हे मला लगेच कळलं. शुक्रवारी साहेब धुळ्यात नव्हते, बुधवारी होते. पण पुढचं कळायला मला दुपारचा चहा संपेपर्यंत वेळ लागला. मंजुरी दोन दिवस आधीची दाखवली की तातडी उरत नाही. तातडी नाही तर तीन दरपत्रकं मागवायला हवी होती. ‘विहित पद्धतीने’ असं साहेबांनी लिहिलेलं, म्हणजे चुकले ते आबा. तारखा सुबक झाल्या की साहेब सुटणार आणि वसुली आबांवर जाणार.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. मारा म्हणावं आता शेरे. मग मी पुरावा म्हणून मागवलेली भांडाराची तापमान नोंदवही उघडली. दर दोन तासांनी आकडा, पुढे सही. शुक्रवारच्या शेऱ्यात त्याच टोचऱ्या अक्षरात, ‘साहेबांचे बंगल्यावर दूरध्वनी केला. साहेब बाहेरगावी.’ माझ्या बिलावर लिहिणारा हाच हात होता. मला तो माणूस त्या घडीलाही आवडला नाही. पण ती वही समोर असताना बुधवार लिहायला माझा हात धजेना.

मी लाल शाई घेतली. जावक नोंदवहीतल्या एकूण एक कोऱ्या क्रमांकावर आडवी रेघ मारली, ‘रद्द’ लिहिलं, सही केली आणि खाली आजची तारीख टाकली. मग खुलाशाचा तक्ता केला: तारीख, वेळ, घटना, कागद, फाइलमधलं पान. वीज मंडळाचं पत्र, तापमानाच्या नोंदी, भाड्याची पावती, कार्योत्तर मंजुरी. साहेबांबद्दल एकच वाक्य, ‘त्या दिवशी जिल्हा आरोग्य अधिकारी मुख्यालयात नव्हते.’ रजेचं कुणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नाही.

बँडवाल्याचा जबाब जोडायला त्याला बोलावलं, तर तो दारातूनच अहिराणीत ओरडत आला. “बाई, मना बँड शे, पन त्या दिन बँड वाजना नही, मशीन चालनं. मनी पावती का खोटी शे?” मी त्याला बसवलं आणि तेवढंच लिहून घेतलं.

साहेबांनी मसुदा वाचला आणि टेबलावर भिरकावला.

“तुम्हाला सांगितलं होतं ना?”

“साहेब, क्रमांक उरलेला नाही. आणि बुधवार धरला तर दरपत्रकं का नाहीत, हा प्रश्न उरतोच. उत्तराखाली सही तुमची असेल.”

साहेबांनी कागद फाटेल इतक्या जोरात सही केली. “बाई, हे मी लक्षात ठेवीन,” ते म्हणाले.

आठ दिवसांनी लेखापरीक्षकांचा शेरा आला, खुलासा मान्य, आक्षेप वगळण्यात येतो. महिन्याभरात माझी बदली धडगावला झाली, म्हणजे सातपुड्यात; तेव्हा ते धुळे जिल्ह्यातच होतं. साहेबांनी शब्द पाळला.

शेवटच्या दिवशी मी टेबल आवरत होते, तेव्हा आबा आले. तीन वर्षांत पहिल्यांदा हातात कागद नसताना आले असं वाटलं. आभार मानायला आले असतील म्हणून मी काय बोलायचं ते मनात जुळवूही लागले. पण त्यांनी खिशातून माझ्या खुलाशाची प्रत काढली आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

“बाई, जनरेटर चार वाजता सुरू झाल्याचं लिहिलंय तुम्ही. चारला ते आलं. सुरू झालं चार चाळीसला.”

“आक्षेप वगळलाय, आबा. तुमची ग्रॅच्युइटी सुटली.”

“ते झालं. पण चार चाळीस.”

आणि ते गेले. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं. या माणसापायी मी डोंगरात चालले होते. तरी मी तापमान नोंदवही मागवून घेतली आणि ते पान काढलं. चार चाळीसच होतं. मी दुरुस्तीची टिपणी लिहिली, सही केली आणि फाइलला लावली. त्या टेबलावरचं माझं शेवटचं काम तेच.