पाळीची खोटी तारीख

मी कामचुकार नाही, पण भाकऱ्यांचा मला मनापासून राग आहे. लग्न होऊन जामखेडकडच्या सासरी आले, तेव्हा सुगीत शेकड्याने भाकऱ्या थापाव्या लागायच्या. त्यातून सुटायची एकच सोय होती. बाई बाहेरची झाली की चार दिवस पडवीत घोंगडीवर बसायचं, ताट आयतं. मग मी पाळी सुगीच्या सोयीने आणू लागले. खरी आली की गपचूप लपवायची आणि मळणीला माणसं आली की खोटी जाहीर करायची. वर पोट धरून कण्हायचं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, कसलासा काढा करून द्यायच्या. तो मात्र खरोखर कडू असायचा.

अशाच एका खोट्या पाळीतून उठले आणि दोन दिवसांत उजव्या ओटीपोटात खरीखुरी कळ आली. घामच फुटला. आत्याबाईंनी मला एसटीत घालून नगरला नेलं. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे सोनोग्राफीचं मशीन नव्यानेच आलं होतं. आधी दिवस गेलेत का ते तपासलं, गेले नव्हते. मग लघवी तुंबेपर्यंत पाणी पाजून मला टेबलावर निजवलं. त्या अवस्थेत माणसाला खोटंही धड बोलता येत नाही.

"शेवटची पाळी कधी आली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "गेल्या सोमवारी. सा दिस झालं. आन् लई दुखतं वो हिला, दर म्हैन्याला गडाबडा लोळती."

पडद्यावर उजव्या अंडाशयात लिंबाएवढी गाठ दिसली.

"काढून टाका!" आत्याबाईंनी निकाल दिला. "दुष्काळाच्या साली माजीबी काडली. आत क्यास हुतं, दात हुता. फोटूत दिसला हुता त्यो."

"ती वेगळी, डरमॉइड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती आपोआप जात नाही, वाढते, कधी पीळ पडतो, म्हणून बहुतेकदा काढतात. तिच्यातले केस आणि चरबी इथे पांढरी चमकली असती, मागे सावली पडली असती. हिच्या गाठीत नुसतं धुकं आहे. म्हणजे रक्त."

मग त्या गंभीर झाल्या. बीज सुटल्यावर त्या जागी कधी कधी रक्त भरतं, म्हणाल्या. ते पुढच्या पाळीनंतर बहुधा विरून जातं, त्याला हात लावायचा नाही. "पण हिची पाळी तर आत्ताच झालीय, आणि दर महिन्याला इतकं दुखतं. म्हणजे हे जुनं साचलेलं रक्त असणार, चॉकलेटसारखं दाट. ते असं विरत नाही. एवढं दुखत असेल तर पोट उघडावं लागेल. अंडाशयाचा थोडा भागही जाईल कदाचित."

मला अजून मूल नव्हतं. मी खरंच घाबरले. माझ्या दोन्ही थापा हातात हात घालून मला सुरीखाली नेत होत्या. आणि खरं सांगायचीही सोय नव्हती, कारण बावीस दिवसांपूर्वीच्या खऱ्या पाळीत मी कुलदेवाचा नैवेद्य रांधला होता.

"पाळी सोमवारी नव्हती," मी छताकडे बघत म्हणाले. "बावीस दिवस झाले. आणि ती दुखत नाही."

"मंग सोमवारी काय हुतं?" आत्याबाई.

"भाकऱ्या होत्या."

डॉक्टरीणबाईंनी तोंड पडद्याकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. आत्याबाई बोटांवर दिवस मोजत होत्या.

"म्हंजी निवद तू इटाळात केलास?"

"व्हय."

"देवानं गप खाल्ला?"

"खाल्ला."

त्यावर त्यांनी मोजायची बोटं मिटून घेतली. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

मग हे बीज सुटल्यावरचं ताजं रक्त असणार, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी सुरी मागे घेतली. पुढची पाळी आल्यावर सहाव्या दिवशी पुन्हा या, म्हणाल्या. विरली तर उत्तम, तशीच राहिली तर पुन्हा विचार करू. मध्येच जोराची कळ, उलटी, चक्कर आली तर मात्र तडक या. "आणि तारीख खरी आणा."

तारखेचा हिशेब आत्याबाईंनीच ठेवला. पाळी आली त्या दिवशी भिंतीवर कोळशाने रेघ मारली. सहाव्या दिवशी नगरला पडद्यावर गाठ नव्हती. मी रडले. आत्याबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी मळणीची माणसं आली. मी निमूटपणे परात घेतली. बघते तर आत्याबाई पडवीत घोंगडी अंथरून बसलेल्या.

"मी भाईरची हाय," त्या म्हणाल्या.

त्यांची पाळी जाऊन सात वर्षं झाली होती.

"आत्याबाई, तुमी?"

"व्हय. लई दुखतंय. माजी गाठ काडली तवा धाव्या दिशी चुलीम्होरं बसवलं हुतं मला, टाकं वलं आसताना. तुजी ही आक्कल मला सुचली न्हाई, पोरी. काढा नगं, च्या आन."

मी चहा नेऊन दिला. चारही दिवस भाकऱ्या मीच थापल्या.