‘बघू’ म्हणजे हो नव्हे

फोनवरच्या मॅडमनी विचारलं, “सर, चाकण लोकेशन चालेल ना तुम्हाला?” आणि मी म्हणालो, “हे काय, जवळच की.”

यात खोटं बोलायचा विचार नव्हता. आमच्याकडं सगळंच जवळ असतं. गावातल्या माणसाला रस्ता विचारा, तो हात लांब करून म्हणणार, ‘हे काय, जवळच.’ एकदा पुण्याच्या एका गाडीवाल्यानं पिंपरी पेंढारच्या स्टँडवर मला नाणेघाट विचारला, मी त्यालाही जवळच म्हणून सांगितलं. संध्याकाळी परतताना त्यानं मुद्दाम गाडी थांबवली. मी हॉटेलात चहा पीत होतो, पेपर जरा वर धरला.

पण गाडीवाला वेगळा आणि नोकरी लावणाऱ्या मॅडम वेगळ्या. गाडीवाला शिव्या देऊन निघून जातो. मॅडमनी ते लिहून घेतलं.

मी मंचरला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमचे शेठ मारवाडी, पण त्यांच्या आजोबांपासून मंचरलाच, मराठी आमच्यापेक्षा चांगलं. मध्यंतरी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं, स्वतःच्या हातानं चहा ओतला आणि म्हणाले, “राव, मुलं आता धंद्यात यायला तयार नाहीत. शेड विकतोय. तुम्ही दुसरीकडं बघून ठेवा.” चहा त्यांनी ओतला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मग मी पुतण्याकडून मोबाइलवर माझी माहिती कुठंतरी टाकून घेतली, आणि या मॅडमचा फोन आला. त्या पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत होत्या. कंपन्यांना माणसं हवी असतात, ती शोधून द्यायची, हे त्यांचं काम. आवाजावरून माझ्या थोरल्या मुलीएवढ्या असाव्यात. पगार किती, अपेक्षा किती, सध्याची नोकरी सोडायला किती दिवस लागतील, सगळं भराभर विचारलं. शेवटी लोकेशन विचारलं, आणि मी ते ‘जवळच’ घालून बसलो.

मुलाखतीला गेलो तेव्हा समजलं की चाकण म्हणजे चाकण नव्हतं. चाकणच्या चौकातून तळेगावच्या अंगाला वळायचं, आणि मग वळतच राहायचं. कंपनी झकास होती. स्टोअरमध्ये माल कुठं ठेवला तो सापडत होता, हेच आम्हाला नवल. तिथल्या साहेबांनी विचारलं, “आधी आलेला माल आधीच बाहेर जातोय, हे कसं बघता?” मी म्हणालो, “नव्या मालाच्या पुढं जुना रचतो, आणि हमालाला आळस करायची सोय ठेवत नाही.” ते हसले. तिथंच मला वाटलं, झालं आपलं काम.

निघताना मी कामाची वेळ विचारली. साहेब म्हणाले, कागदावर साडेपाच, पण मालाच्या गाड्या दुपारनंतर लागतात, त्या रिकाम्या झाल्याशिवाय स्टोअरवाल्याला निघता येत नाही, सात धरून चाला. कंपनीची बस होती, ती राजगुरुनगरपर्यंत, म्हणजे आमची अर्धी वाटही नाही. पुढचं ज्याचं त्यानं.

त्या दिवशी येताना चौकात आमची गाडी इतका वेळ एका जागी उभी होती की शेजारच्या माणसाशी माझी सोयरीक जुळायची बाकी राहिली. आमच्या फाट्यावर उतरलो तेव्हा अंधार पडला होता.

आमचं घर मळ्यात आहे. फाट्यापासून घरापर्यंत वाट दोन्ही बाजूंच्या उसातून जाते, आणि त्या उसात बिबट्या राहतो. हे मी काही भीती दाखवायला लिहीत नाही. आमच्याकडं तो शेजाऱ्यासारखा झालाय. आज कुणाचं कुत्रं नेलं, काल कुठल्या बांधावर बसला होता, याच्या गप्पा होतात. फक्त अंधारात कुणी एकटं वाटेनं जात नाही.

फाट्यावर बॅटरीचा उजेड हलत होता. जवळ गेलो तर बायको. एका हातात बॅटरी आणि ताट, दुसऱ्या हातात उलथनं, आणि कमरेला खोचलेल्या मोबाइलवर मोठ्यानं भजन चालू. आवाजानं बिबट्या लांब राहावा म्हणून ताट वाजवत ती माझ्यासाठी उसातून एकटी आली होती.

“कशाला आलीस?” मी ओरडलो.

“तुमी आला नाय म्हणून. मामंजी म्हणत व्हते, मी जातो. त्यांना गुडघ्यानं उठवंना, ते बिबट्याला काय उठवणार?”

घरापर्यंत ती पुढं, मी मागं, मध्ये भजन. दारात पाय धुताना तिनं विचारलं, “ही नोकरी लागली म्हंजी रोज असंच का?”

“बघू,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. खुशीत होत्या. “सर, त्यांना तुम्ही आवडलात! वयाचा थोडा प्रश्न होता, त्यांना जरा तरुण माणूस हवा होता. पण मी बोलले त्यांच्याशी. म्हटलं, अनुभव बघा, शिवाय कँडिडेट जवळच राहतात. ऑफर काढायला सांगू ना?”

इथं नाही म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण एवढ्या खुशीत आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं? मी म्हणालो, “बघू, मॅडम.”

“म्हणजे पॉझिटिव्ह ना सर?”

“बघू की.”

आता आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे नाही. लग्नाचं आवतण असो, उसनं मागणं असो, पोरीला स्थळ असो, बघू म्हटलं की समोरचा समजून जातो, चहा पितो, दुसऱ्या घरी जातो. कुणाचं तोंड वाकडं होत नाही. मी मॅडमना माझ्या मते अगदी सभ्यपणे नकार दिला होता. त्यांनी कंपनीला कळवलं की उमेदवार तयार आहेत.

संध्याकाळी मेसेज आला, पगाराच्या पावत्या पाठवा, आधार पाठवा, रुजू व्हायची तारीख सांगा. मी उत्तर दिलं नाही. सकाळी त्यांचा फोन आला, मी गोठ्यात गेलो. दुपारी आला, मी तो वाजून वाजून बंद होईपर्यंत बघत राहिलो. स्टोअरमध्ये खोकी मोजताना सारखं वाटायचं, ती पोरगी आत्ता तिच्या साहेबांना काय सांगत असेल. माझ्या वयासाठी भांडलेली, आणि मी तिच्या फोनला घाबरून गाईच्या मागं लपलेलो.

त्यातही एक मन म्हणायचं, घेऊन टाक नोकरी. शेड विकली की घरी बसशील. बायको काय, येईल फाट्यावर, सवय होईल. हे मन ज्या क्षणी असं म्हणालं त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली, पण म्हणालं हे खरं.

रात्रीच्या जेवणाला बसलो आणि पुन्हा फोन वाजला. बायकोनं नाव वाचलं.

“कोण ह्या मॅडम? सकाळी बी वाजत व्हतं.”

मला सांगावं लागलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

“तुमी तिला बघू म्हणलात?”

“हो.”

“अवो, ती पुण्याची पोर. तिला काय ठावं तुमचं बघू! तिला वाटलं आसंल, माणूस खरंच बघतोय.” मग हळू आवाजात, “माझ्यामुळं नाय म्हणताय का? तसं आसंल तर घ्या नोकरी. मी येईन की ताट घेऊन.”

ते ‘येईन की’ ऐकून मात्र माझं ठरलं.

सकाळी मीच फोन लावला. मंचरच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते म्हणून शेठच्या गोडाऊनमध्ये जाऊन उभा राहिलो.

“मॅडम, माझी चूक झाली. फोन उचलले नाहीत तीही, आणि जवळच म्हणालो तीही. ही नोकरी मला जमणार नाही.”

त्यांनी लगेच विचारलं, “सर, पगाराचा प्रश्न आहे का?”

“पगार चांगला आहे. काम तर फारच चांगलं आहे. जाण्यायेण्याचं जमत नाही. बस राजगुरुनगरपर्यंत, घरी पोचायला अंधार होतो, आणि फाट्यापासून वाटेत बिबट्या आहे.”

“बिबट्या?”

“हो, म्हणजे आमच्याकडं असतो.”

“सर, सिस्टीममध्ये कारण निवडावं लागतं. बिबट्या नाहीये त्यात.” त्या हसल्या की रागावल्या, कळलं नाही. “मी लोकेशन लिहिते. तिकडं खोली घेऊन राहता येणार नाही का?”

“घरी वडील आहेत, गुरं आहेत. बायको एकटी पडेल. साडेपाचला सोडत असतील तर मात्र मी आजही हो म्हणतो. तुम्ही एकदा विचाराल का?”

“विचारते. पण सर, हे मुलाखतीच्या आधी सांगितलं असतं ना… मी तुमचं नाव पुढं केलं, त्यामुळं दुसऱ्या कँडिडेटला थांबवून ठेवलं.”

मी “खरंय” म्हणालो. त्या गोडाऊनमध्ये ते फारच लहान वाटलं.

दुपारी त्यांचा फोन आला. साडेपाचला सोडणं जमत नव्हतं. दुसऱ्या कँडिडेटला त्यांनी बोलावलं होतं. मी पुन्हा माफी मागितली आणि घाईघाईनं म्हणालो, “पण मॅडम, मला यादीतून काढू नका. राजगुरुनगरच्या अलीकडं, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, कुठंही असू द्या. स्टोअर असो, डिस्पॅच असो. अंधाराच्या आत घरी पोचता आलं पाहिजे, एवढंच. तसं काही आलं तर मी बघू म्हणणार नाही.”

“लेखी पाठवा सर,” त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्याकडं राहील.”

संध्याकाळी ओट्यावर बसून मी मेसेज लिहिला. पहिल्यांदा इतका लांब झाला की त्यात वडिलांचे गुडघेसुद्धा आले. बायकोनं वाचून गुडघे काढायला लावले, बिबट्याही काढला. उरलं एवढंच: संधीबद्दल आभार, ये-जा जमत नाही म्हणून ही जागा घेता येत नाही, उशिरा सांगितलं त्याबद्दल क्षमा, या या गावांत काम असेल तर जरूर कळवा.

मॅडमनी अंगठा पाठवला. पिवळा, एकटाच. मी तो बराच वेळ उलटसुलट बघत होतो. त्याचा अर्थ ‘ठीक आहे, कळवते’ असाही होत होता आणि त्यांचं ‘बघू’ असाही.

“त्या फोन करतील, असं वाटतं का तुला?” मी बायकोला विचारलं.

ती फाट्याच्या दिशेला बघत होती. दिवस बुडत होता, उसाचे तुरे काळे पडायला लागले होते.

“ती करंल नायतर नाय करंल,” ती म्हणाली. “पण तिला चार दिसांत खरं कळलं. मी फाट्यावर एक दिवा लावा म्हणून दोन पावसाळं म्हणतीय, तुमी दर वेळी बघू म्हणताय. म्हंजी ते बी नायच समजू ना?”