अर्धा पौंड मैदा

मी नववीत होते आणि घरात इंग्रजी येणारी एकटी मीच होते. याचा मला जो माज होता, तो आठवला की आजही कान गरम होतात.

आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. बाबांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. ते दिवसभर बाकड्यावर बसून तेच वर्तमानपत्र उलटंसुलटं वाचत. दादाच्या एकट्याच्या नोकरीवर आम्ही सगळे, त्यात वहिनीचं सहा महिन्यांचं बाळ. अशा वेळी मुलुंडच्या एका महिला मंडळात पाककलेच्या वर्गाला शिक्षिका हवी आहे असं आईला कळलं. कायमची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार. आईच्या हाताला चव होती हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. तिने अर्ज केला. तो मीच भरला. शिक्षण, चौथी. भाषा, मराठी.

मंडळाच्या अध्यक्षबाईंची मुलगी लंडनला होती. तिने तिकडच्या मासिकातलं केकच्या पाककृतीचं एक पान पाठवलं होतं. बाईंनी ते आईच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "शनिवारी हा केक आमच्यासमोर करून दाखवा. सामान घरून मापून आणा, ओव्हन इथे आहे. वाचायला कुणाची मदत घ्या हवी तर."

मदत म्हणजे मी. पानावर लिहिलं होतं, लोणी अर्धा पौंड, साखर अर्धा पौंड, मैदा अर्धा पौंड, अंडी चार, दूध दोन औंस. दुधाच्या औंसापुढे 'एफ एल' अशी दोन अक्षरं होती. ती मी सोडून दिली, कारण ती मला कळली नाहीत आणि कळली नाहीत असं आईला सांगायची माझी तयारी नव्हती. सोळा औंसांचा एक पौंड हे मात्र मला पाठ होतं. म्हणजे अर्धा पौंड म्हणजे आठ औंस. पण औंस मोजायचे कशात? घरातल्या वजनमापांवर सगळीकडे ग्रॅम आणि लिटर.

आणि मग मला ती बाळाची दुधाची बाटली दिसली. तिच्या एका बाजूला मिलिलिटरच्या खुणा, दुसऱ्या बाजूला औंसाच्या. अगदी आठपर्यंत. मी आनंदाने ओरडलेच. वहिनीने बाटली उकळून, कोरडी करून दिली. कागदाचं नरसाळं करून आईने त्यातून चाळलेला मैदा आठाच्या रेघेपर्यंत भरला. मग साखर. लोणी पातळ करून ओतलं आणि वाडग्यात काढून परत घट्ट होऊ दिलं.

तिन्ही वाडगी शेजारी शेजारी ठेवल्यावर आई थांबली. मैद्याचं वाडगं उचलून तिने हातात तोललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"इतक्या लोण्याक इतकोच मैदो? माझो हात सांगता, कमी आसा."

"आई, लंडनचं पुस्तक खोटं बोलेल का? तुला इंग्रजी कळतं का मला?"

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाडग्यावर फडका बांधला.

शनिवारी मीही मागे लागून गेले, कारण माझी हुशारी लोकांनी बघावी अशी माझी इच्छा होती. दूध बाटलीतच दोनाच्या रेघेपर्यंत भरून नेलं होतं. मंडळात दहा-बारा बायका गोल बसल्या होत्या. आईने लोणी-साखर फेसली, एकेक अंडं फोडून घातलं. तिचा हात असा सराईत चालत होता की दोन बायका एकमेकींकडे बघून माना डोलवायला लागल्या. मिश्रण मला सैल वाटलं, पण मला केकमधलं काय कळत होतं? गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, झाकणाला काचेचा डोळा. केक फुगायला लागला तेव्हा मी त्या काचेला नाकच लावलं.

आणि माझ्या डोळ्यांदेखत तो खाली बसला. आधी मध्ये, मग सगळा. कडेने लोण्याचे बुडबुडे येऊन केक त्यात तळला जायला लागला. बाईंनी झाकण उघडलं तर आत शिऱ्यासारखा तुपकट गोळा होता. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मैदा कशाने मापलात?" बाईंनी विचारलं.

आईने बाटली पुढे केली. बाईंनी ती पुसून आठ औंसांपर्यंत मैदा भरला आणि मंडळाच्या मसाल्याच्या तराजूत ओतला. दुसऱ्या पारड्यात शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं, मग वीसचं. काटा मध्ये आला.

"एकशे वीस," बाई म्हणाल्या. "हवा होता दोनशे सत्तावीस. पौंड म्हणजे चारशे चोपन्न ग्रॅम, त्याचा अर्धा. बाटलीवरचे औंस पातळ पदार्थाचे, पानावर 'एफ एल' लिहिलंय ते. दुधाला बरोबर. साखर आणि लोणीही त्यात थोडंच कमी पडतं. पण मैदा हलका, तो निम्माच भरला."

मागून एक म्हातारी बाई म्हणाली, "अगो, पौंड म्हणजे आपला रतलच ना! अर्धा रतल मैदा घ्यायचा, त्यात काय!"

मी हादरले. लग्न होऊन मुंबईत आल्यावर, किलो रुळायच्या आधी, कितीतरी वर्षं आईने रतलानेच सामान आणलं होतं. अर्धा रतल म्हणजे किती, हे तिच्या तळहाताला डोळे मिटून कळलं असतं. मी फक्त पौंड हा शब्द तिला ऐकवायला हवा होता. मी हुशारी करून त्याचे औंस केले आणि तेवढेच तिला सांगितले.

"पाककृती वाचली कुणी?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण आवाज फुटायच्या आत आई म्हणाली, "मीच वाचली. माझीच चूक."

मी तोंड मिटलं.

मंगळवारी दुसऱ्या बाईंची नेमणूक झाल्याचं कळलं. मी रात्रभर तळमळले आणि बुधवारी शाळा सुटल्यावर एकटी मुलुंडला गेले. अध्यक्षबाईंसमोर उभी राहून सगळं सांगितलं. वाचलं मी, बाटली माझी, आईला मैदा कमी वाटत होता पण मी तिला गप्प केलं. मला वाटलं, आता त्या आईला परत बोलावतील.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "अर्जात भाषा फक्त मराठी लिहिलीय, इंग्रजी नाही. केक बसला म्हणून कुणी नाकारत नाही गं. तुझ्या आईचा हात सगळ्यांना आवडला होता. मी मुद्दाम विचारलं. खरं सांगितलं असतं तर मैदा वाढवून तिथेच दुसरा केक लावणार होतो, सामान काढून ठेवलं होतं. पण त्या आमच्या तोंडावर खोटं बोलल्या. पंचवीस बायकांचा वर्ग ताब्यात द्यायचा, तर कमिटीला ते चालेना."

एका वाक्याचं काम होतं आणि ते माझं होतं.

मी घरी आले. आई रॉकेलच्या रांगेतून नुकतीच परतली होती, डबा खाली ठेवून दम खात होती. उशीर का झाला, तिने विचारलं. शाळेत थांबले होते, असं मी तिला सांगितलं.