पाठवणाऱ्याचं नाव

घरात तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणायचे. नवऱ्यापासून चुलत नणंदेपर्यंत कुणाचाही पासवर्ड हरवला की तो हिच्याकडे सापडणार, हे ठरलेलं. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला. तिच्या मोबाइलमधल्या एकाच मेल ॲपमध्ये तीन खाती होती: तिचं स्वतःचं, ती कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानाचं आणि सासऱ्यांचं.

सासरे घड्याळजी. आयुष्यभर भिंग डोळ्याला लावून बसलेले. गिऱ्हाइकं आता मेलवर विचारपूस करायची. सासरे मेल वाचायचे आपल्या दुकानातल्या टॅबलेटवर, चहा पिता पिता. उत्तरं मात्र सून लिहायची. उत्तर देताना अडचण नव्हती, ज्या खात्यावर मेल आली त्याच खात्यावरून उत्तर आपोआप जायचं. पण नवीन मेल लिहिली किंवा उघडलेल्या घड्याळाचा फोटो गॅलरीतून पाठवला, की वर नाव तिचं यायचं आणि दरवेळी ते बदलावं लागायचं. म्हणून एक दिवस तिने सेटिंगमध्ये जाऊन नेहमीचं पाठवणारं खातं म्हणून सासऱ्यांचं निवडलं. काम सोपं झालं. स्वतःच्या हुशारीवर ती खूश होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचं जुनं मनगटी घड्याळ सासऱ्यांच्या हातून बिघडलं. माफीची मेल हिनेच लिहिली, महिन्यातली तिसरी. मग त्याच वैतागात दुपारच्या सुट्टीत तिने आपल्या मोठ्या बहिणीला लांबलचक मेल लिहिली. सासऱ्यांचे हात थरथरतात, स्क्रू घड्याळात कमी आणि जमिनीवर जास्त सापडतात, दुकान बंद करा हे त्यांना सांगायची कुणाची हिंमत नाही आणि निस्तरायचं मात्र मी. शेवटी लिहिलं, म्हाताऱ्याची हौस आणि सुनेला त्रास. पाठवून टाकलं, मन हलकं झालं, डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही खात्यांच्या मेल एकत्र दिसतात त्या यादीत ताईचं उत्तर होतं. उघडलं तर ताईने वरचं नाव न बघताच लिहिलेलं, की म्हातारी माणसं हट्टी असतातच, तू स्पष्ट सांगून टाक. खाली हिची सगळी मेल जशीच्या तशी. आणि उत्तर आलं होतं सासऱ्यांच्या पत्त्यावर.

तिने घाईघाईने उत्तर पुसलं, पाठवलेल्यांतली आपली मेल पुसली, दोन्ही कचऱ्यातूनही काढली. इकडे पुसलं की टॅबलेटवरूनही जातं, हे तिला माहीत होतं. मग सेटिंगमध्ये जाऊन पाठवणारं खातं पुन्हा स्वतःचं केलं. एवढं झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि तेव्हाच आठवलं. न वाचलेली मेल यादीत ठळक दिसते. ताईची मेल ठळक नव्हती. तिने उघडायच्या आधीच ती कुणीतरी वाचली होती, आणि ते खातं तिच्याखेरीज एकाच ठिकाणी उघडायचं.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जी माफी ती गिऱ्हाइकांना चार ओळींत सहज लिहायची, ती तोंडाने एका माणसाला मागायला तिच्याकडे शब्द नव्हते. वर आपण पुरावा पुसणाऱ्या चोरासारखं वागलो, याची लाज वेगळीच.

संध्याकाळी सासऱ्यांनीच दुकानात बोलावलं. टेबल आवरलेलं होतं, चिमटे डबीत, भिंग फडक्यात गुंडाळलेलं. ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सगळ्या गिऱ्हाइकांना एक मेल लिहायचीय. नवीन दुरुस्ती घेणं बंद केलंय म्हणून."

"बाबा, मी ते..."

"लिही आधी. हात थरथरतात, असं लिही." त्यांनी चिमट्यांची डबी मिटली. "स्क्रू जमिनीवर सापडतात, ते नको लिहूस. ते घरातलं आहे."

ती रडायला लागली. माझं चुकलं, असं दोनदा म्हणाली. तिचं रडणं थांबेपर्यंत त्यांनी भिंगाचं फडकं उलगडून पुन्हा गुंडाळलं. मग तिने मोबाइल काढला, नवीन मेल उघडली आणि ते सांगत गेले तसं लिहिलं. फार नव्हतं, चार ओळी.

"पाठवू?"

"वर नाव कुणाचं आहे, ते बघ आधी," ते म्हणाले.

वर तिचं नाव होतं. सकाळी तिनेच करून ठेवलेलं. सासरे बघत असताना तिने त्यावर बोट ठेवलं, तीन नावांतून त्यांचं निवडलं आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी सवयीने फडक्यातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. हात थरथरत होता. आपलं नाव नीट वाचून झाल्यावर ते म्हणाले, "हां. आता पाठव."