पांढऱ्या कोटातल्या सवाऱ्या

राजूर ते जालना या रस्त्यावर मी काळी-पिवळी जीप चालवतो. कागदावर माझ्या गाडीत नऊ माणसं बसतात. मी एकवीस बसवलेली आहेत. अंगारकीला तेवीस, आणि त्यातला एक नवरदेव बँडवाल्याच्या मांडीवर. ज्याला पटत नाही त्यानं त्या बँडवाल्याला विचारावं. त्याची मांडी अजून दुखते.

गाडीपेक्षा माझं तोंड जास्त ॲव्हरेज देतं, असं सवाऱ्या म्हणतात. खोटं नाही. तहसीलदाराची बदली मला तहसीलदाराच्या आधी कळते. मोसंबीचा भाव, लग्नाच्या तारखा, कोणत्या डॉक्टरचा हात हलका, सगळं माझ्याकडं. लोक भाडं देऊन बसायचे आणि सल्ला फुकट न्यायचे. माझ्या सांगण्यावरून एकानं विहीर खोदली तर पाण्याऐवजी दूध लागलं, हे मी इतक्या वेळा सांगितलं की त्या गावची माणसंसुद्धा आता हो म्हणतात.

म्हणून धाकट्या बहिणीची बारावी झाली तेव्हा घरात कोणाला विचारायचं हा प्रश्नच नव्हता.

तिला नर्स व्हायचं होतं. आमची माय ऑपरेशनसाठी अकरा दिवस दवाखान्यात होती, तेव्हा ही तिच्या उशाशी. तिथल्या सिस्टरनं हिला नाडी मोजायला शिकवली. घरी आल्यावर हिनं गल्लीतल्या प्रत्येकाची नाडी मोजली, आमच्या म्हशीचीसुद्धा. म्हशीची नाडी कुठं सापडली ते देवाला ठाऊक, पण वहीत आकडा होता.

तिचं नाव सरकारी नर्सिंग शाळेच्या यादीत लागलं. अगदी खाली, पण लागलं. कोर्स तीन वर्षांचा, संभाजीनगरला राहायचं. फी नावापुरती, मेस आणि जाण्यायेण्याचा खर्च तेवढा. दुसरीकडं जालन्यात स्टँडजवळ कापडाच्या दुकानावर एक इन्स्टिट्यूट होतं. कोर्स एका वर्षाचा. फी जास्त, पण संध्याकाळी पोरगी घरी.

रात्री जेवताना मी ताटातलं मीठ बाजूला करून बोटानं रेघा ओढल्या. "हे बघा आबा. तिकडं तीन वर्षं. इकडं एक. म्हंजे दोन वर्षांचा पगार तर आपल्या खिशात आत्ताच पडला. जास्तीची फी त्यातून कधीच निघून जाती."

आबा, आमचे वडील, म्हणाले, "पगार देनारा कोन हाये?"

"कोन हाये? अहो, रोज सकाळी माझ्या गाडीत आठ पोरी पांढरा कोट घालून चढतात. आठ! मागणी नसती तर एवढ्या पोरी काय हवा खायला चालल्या का जालन्याला?"

आबांचा बाजारावर विश्वास होता. ज्या दुकानापुढं गर्दी, तिथं माल चांगला. त्यांनी मान डोलावली.

बहीण भाकर वाढत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, त्यांच्या कोर्सला कौन्सिलची मान्यता हाये का? कोर्स झाल्यावर नर्सिंग कौन्सिलकडं नाव नोंदवावं लागतं. आमच्या मॅडम सांगत होत्या."

"उद्या बघून येतो ना माय. तुझा भाऊ काय मेला का?"

आणि मी खरंच गेलो. यात खोटं नाही. दोन खोल्या होत्या. एका खोलीत दोन कॉट आणि रबराचा एक माणूस, त्याला पोट होतं पण पाय नव्हते. दुसऱ्या खोलीत इन्स्टिट्यूट चालवणारे सर बसलेले. सरांच्या मागं भिंतभर फ्रेमा. मोजल्या: सोळा. एकीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक, एकीवर सोनेरी शिक्का, एकीवर इंग्रजी. एका फोटोत सर मंत्र्याला हार घालत होते.

"सर, मान्यता हाये ना?"

सरांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडं हात केला. "तुम्हीच बघा."

बघितल्या. सोळा फ्रेमांत एखादी तरी कौन्सिलची असेलच, असं माझ्या मनानं धरलं. संस्था धर्मादाय आयुक्ताकडं नोंदवलेली असणं वेगळं आणि कोर्सला नर्सिंग कौन्सिलची मान्यता असणं वेगळं, हे तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तरी मी त्यालाच दोन गोष्टी शिकवून पाठवलं असतं. परत येताना सर माझ्याच गाडीत पुढच्या सीटवर बसले. भाडं दुप्पट दिलं. मी राजूरपर्यंत त्यांना तो दुधाच्या विहिरीचा किस्सा सांगितला आणि ते खळखळून हसले. मला त्यांचा फार लळा लागला.

सरकारी शाळेतली जागा आम्ही सोडली. बहीण दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पांढरा कोट शिवायला टाकला. मी म्हणालो, "नर्स झालीस की पुढची सीट तुझी. आमदार आला तरी त्याला मागं बसवीन."

वर्षानं तिला सर्टिफिकेट मिळालं आणि पंधरा दिवसांत नोकरीसुद्धा. जालन्यातल्या एका खाजगी दवाखान्यात. मी गाडीत पेढे वाटले. पगार विचारला तर मी तिप्पट सांगायचो. खरा पगार ऐकून कापड दुकानातली सेल्सगर्लसुद्धा मान फिरवील एवढा होता, पण म्हटलं सुरुवात आहे. आणि ती पुढच्या सीटवर बसायची, डबा मांडीवर, कोट घडी करून डब्यावर. सहा वर्षं बसली. मधे गावातल्या गावात तिचं लग्न झालं, तरी सीट तीच.

हात तिचा असा, की रडणाऱ्या बाळाची शीर तिला डोळे मिटून सापडायची. हे मात्र मी वाढवून सांगत नाही. डॉक्टरच एकदा माझ्या गाडीजवळ येऊन म्हणाले, "तुमची बहीण नसली तर आमचा वॉर्ड चालत नाही."

सहा वर्षांत तिनं जिल्हा परिषदेच्या, सरकारी दवाखान्याच्या भरतीचे फॉर्म काढून पाहिले. प्रत्येकात एक चौकोन: कौन्सिल नोंदणी क्रमांक. ती मोबाइल मला दाखवायची नाही. बंद करून पर्समध्ये ठेवायची. मला वाटायचं, जागा कमी असतील.

मग डॉक्टरांना दवाखाना सरकारी आरोग्य योजनेत घालायचा होता. त्यासाठी नोंदणी असलेल्या सिस्टर दाखवाव्या लागतात. एक नवीन मुलगी लागली. बावीस-तेवीस वर्षांची, टेंभुर्णीकडची. तीही माझ्याच गाडीत, मधल्या सीटवर. पहिल्या आठवड्यात मला म्हणाली, "काका, ताईनं मला सलाईन लावायला शिकवलं. माझा हात थरथरत होता. ताई लई भारी हायेत."

मी छाती फुगवून विचारलं, "तू कुठं शिकलीस?"

तिनं शाळेचं नाव सांगितलं. तीच सरकारी शाळा. तसल्याच यादीतली जागा, तीन-चार वर्षांनंतरची.

पुढच्या सीटवरून बहीण खिडकीबाहेर बघत होती.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी तिला निळा ॲप्रन दिला. मावशींचा असतो तो, फरशी पुसणाऱ्या, रोग्याला भांडं देणाऱ्या मावशींचा. "आजच्यापुरतं हो," म्हणाले. "विचारलं तर मावशी म्हणून सांगा." तपासणीवाले वॉर्डात आले तेव्हा एका बाळाचा सलाईन लावलेला हात सुजला होता. नवीन मुलीनं दोनदा सुई टोचली, शीर सापडेना. बाळ कोकलायला लागलं. माझी बहीण चादरींचा गठ्ठा छातीशी धरून भिंतीला लागून उभी. हात लावता येईना. तिला माहीत होतं शीर कुठं आहे.

हे मला तिनं नाही, त्या नवीन मुलीनं सांगितलं. सांगताना रडली.

त्यानंतर आजच्यापुरतं रोजचं झालं. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बहीण आली आणि मागच्या बाकावर, दुधाच्या कॅनशेजारी जाऊन बसली.

"अगं, पुढं ये की."

"न्हाई दादा. हितंच बरं हाये."

"तुझी सीट हाये ती!"

"नर्स झाल्यावरची होती ना?" टोमणा नव्हता. हिशेब सांगावा तसं बोलली.

त्या दिवशी गाडीत मी पहिल्यांदा गप्प होतो. लोकांना वाटलं इंजिनात बिघाड आहे. आणि मला तेव्हा, सात वर्षं उशिरा, सुचलं की रोज आठ पोरी माझ्या गाडीत चढायच्या खऱ्या, पण दर वर्षी नव्या आठ. आधीच्या वर्षीच्या आठ कुठं गेल्या? मी कधीच विचारलं नाही. जगाची खबर ठेवणारा मी! मग आठवून आठवून शोधल्या. एक साडीच्या दुकानात. एक बियाणं कंपनीत पाकिटं भरायला. तिघींची लग्नं झाली, कोट माळ्यावर. दोघी दवाखान्यात, निळ्या ॲप्रनवर. एकीचा पत्ता नाही. दवाखान्यांना पोरी हव्या होत्या, यात माझं खोटं नव्हतं. स्वस्तातल्या हव्या होत्या.

मी तिला म्हणालो, "अजून वय बसतं. परत फॉर्म भर. तीन वर्षं मी बघतो."

ती म्हणाली, "दोन वर्षांची लेक हाये दादा. तिचा बाप कंपनीत रोजंदारीवर. सासूला दिसत न्हाई. तवा तीन वर्षं लई वाटली व्हती तुला. आता मला वाटून राह्यलीत."



गेल्या जूनमध्ये एक बाई बारावी झालेल्या पोरीला घेऊन चढल्या. सरांचं इन्स्टिट्यूट आता नव्या नावानं, नव्या इमारतीत आहे. बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्हाला सगळी माहिती असती. एका वर्षाचा कोर्स करावा का?"

सगळी गाडी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी म्हणालो, "मागं निळ्या पिशवीवाली बसली हाये, तिला विचारा."

बहिणीनं मान वर केली. सावकाश बोलली. "मावशी, फी आन वर्षं तर ते सांगतीलच. तुम्ही कौन्सिलच्या वेबसाइटवर शाळेचं नाव शोधा. भिंतीवरचं बघू नका. आन मागच्या साली पास झालेल्या चार पोरींचे पत्ते मागा. न्हाई दिले तर उठून या. दिले तर त्यांच्या घरी जा. पगार विचारा, आन अंगावर कोणता ॲप्रन हाये ते बघा."

"तुम्ही नर्स हायेत का, ताई?" पोरीनं विचारलं.

माझे हात स्टीअरिंगवर होते. आरशात बहिणीचा चेहरा दिसत होता.

"न्हाई," ती म्हणाली.

दवाखान्याच्या वळणावर ती उतरली. पिशवीतून ॲप्रन काढून चालता चालताच अंगात घातला, मागचे बंद तिला एकटीला बांधता येत नाहीत म्हणून नुसते लोंबत ठेवले.

पुढची सीट मी अजून रिकामी ठेवतो. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर असतात आणि मला शिव्या देतात, "ड्रायव्हर, ही जागा कोणाची?" मी म्हणतो, आमदाराची आहे. पटतं लोकांना.