राहिलेल्या दिवसांचं भाडं

मी फार बोलत नाही. लोक याला सज्जनपणा समजतात. खरं सांगायचं तर न बोलता मी बरंच काही दुसऱ्यांच्या अंगावर ढकललं आहे, आणि त्यातलं सगळ्यात जास्त बायकोच्या.

समुद्रपूरहून वर्ध्याला बदली झाली तेव्हा सिंदी मेघेत दोन खोल्या पाहिल्या. घरमालकीण साठीच्या पुढची. जवळच्याच गावात त्यांची भाजीची वाडी. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणायची, मीही म्हणू लागलो.

"एक तारखेले येऊन जा," काकू म्हणाल्या.

पण येत्या महिन्याचा पहिला पंधरवडा नेमका पितृपक्षात जात होता. मी म्हटलं, "काकू, घटस्थापनेला येतो. आमच्या हिला पितृपक्षात सामान हलवलेलं चालत नाही."

काकूंनी हजार रुपये बयाणा घेतला आणि खोल्या दुसऱ्या कोणाला देणार नाही असा शब्द दिला. भाडं कधीपासून, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आता कबूल करतो: हिला सगळं चालत होतं. चालत नव्हतं ते मला. ऑफिसात मुहूर्तवाल्यांची थट्टा चालली की हसायला मी पुढे, आणि घरी अमावास्येला नवा शर्ट घडी मोडून घालायची माझी हिंमत नाही. हे ठाऊक असलेली एकटी बायको. ती कुठे बोलत नाही, म्हणून माझं भागतं.

घटस्थापनेच्या सकाळी टेम्पो सिंदी मेघेत शिरला. समुद्रपूरच्या घरमालकानं "महिना लागला म्हणजे लागला" म्हणत पूर्ण महिन्याचे पैसे घेतले होते. इथेही पूर्ण दिले असते तर त्या महिन्यात किराणा उधारीवर आणावा लागला असता. म्हणून टेम्पोत बसल्या बसल्या मी वाक्यं पाठ केली होती. उतरलो तसा काकूंसमोर जाऊन उभा राहिलो.

"काकू, या महिन्याचे राहिलेल्या दिवसांचेच पैसे देतो. महिन्याच्या भाड्याला एकतीसनं भागायचं आणि आजपासूनचे दिवस धरायचे. पुढच्या महिन्यापासून एक तारखेला पूर्ण भाडं. डिपॉझिट आजच देतो, त्यात काही कमी नाही."

"अगं माय! भाऊ बोलते जी!" काकूंनी गालावर हात ठेवला. "मले वाटलं, बयाना द्याले तोंड उघडलं तेवढंच." मग त्यांनी मान हलवली. "पण भाऊ, खोल्या तं तुमच्यासाठीच धरून ठेवल्या ना? मी एक तारखेलेच या म्हणलं होतं. तुमीच नाई आले."

"ते हिच्यामुळे..."

शेगडी घेऊन बायको नेमकी पायरीवर आली होती. काकू तिच्याकडे वळल्या. "काऊन वं बाई, तूच होय का ते पितृपक्षवाली? तुया पितरायनं माया अर्ध्या महिन्याचं भाडं खाल्लं की!"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नेहमीसारखं. "असेल, माझंच असेल," एवढं म्हणून ती शेगडी सावरत आत गेली.

नव्या घराच्या पहिल्या पायरीवर तिनं माझं खोटं उचललं, शेगडीसकट. या घरात ती आता कायमची पितृपक्षवाली होणार होती. मी गप्प राहिलो असतो तर पैसे वाचले असते.

"काकू, ती नाही," मी म्हटलं. "पितृपक्ष मी पाळतो. ती तर म्हणाली होती, चला, पितरांना जाता जाता नवा पत्ता सांगून टाकू. माझ्यामुळे खोल्या अडकल्या. तुम्ही पूर्ण महिन्याचे घ्या."

काकू पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की टेम्पोवाला खाट धरून थांबला. "पँट-बुशर्टातली सोवळी बाई भेटली वं माय!"

तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "काकू, या खोलीत लसणाचा वास काऊन येऊन राह्यला?"

काकूंचं हसू थांबलं. आम्ही आत गेलो. कोपऱ्यात लसणाची टरफलं, भिंतीला लागून पोत्याची धूळ.

"बेण्याचा लसूण होता," काकू हळूच म्हणाल्या. "वाडीवर ओल लागली होती. म्हणलं, खोली रिकामीच तं हाय, पसरवून देऊ. कालच उचलला." मग पायानं टरफलं एका बाजूला सारत म्हणाल्या, "आता भाऊ खरं बोलले, तं मीच काऊन लपवू? राहिलेल्या दिवसांचेच द्या. पयल्या पंधरा दिवसाचं मी लसणाजवळून घेतो."

"आणि बयाण्याचे हजार त्यातून वजा, काकू," बायको म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी उद्यापासून चूपच राहजो. घरात बोलणारं हाय एक."

मी बयाणा वजा करून पैसे दिले, डिपॉझिटही दिलं. काकूंनी ते पदराच्या गाठीत बांधले. मी वळलो तर बायको झाडू घेऊन उभी होती. तिनं तो माझ्या हातात दिला आणि टरफलांकडे बोट दाखवलं.