दगडूनं मागं पाहिलं तेव्हा

नातीनं शिबिरासाठी ज्वारीची धाटं आणली. दोस्तांच्या दबावातही खरं कसं बोलावं, हे ती मुलांना शिकवणार आहे. धाटांच्या गोडसर वासानं मी मंठ्याच्या, निजामाच्या काळातल्या शाळेत गेलो.

मास्तरांनी दोन धाटं धरली होती. आखूड धाटालाच लांब म्हणायचं, असं त्यांनी पाच पोरांना आधीच गुपचूप सांगितलं होतं. सहावा दगडू, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तोही चाचरत तेच म्हणाला. दुसऱ्या फेरीत मास्तरांनी एकाला खरं बोलायला लावलं, आणि दगडूही खरं बोलला.

"एकाची साथ असली की जीभ सुटते," मास्तर म्हणाले.

गावातली हिंदू-मुसलमानांमधली हवा तेव्हा बिघडली होती. दुसऱ्याच दिवशी पोरांनी मला शाळेच्या माठापाशी अडवलं. "ह्या करीमला पाणी न्हाई द्यायचं!"

दगडू पुढं आला. "हे बराबर न्हाई. मी देऊन राह्यलो त्याला पाणी." मंग त्यानं मागं वळून पाहिलं. कुणीच हललं नाही. पोरांनी त्यालाही ढकललं.

कित्येक वर्षं मला त्या दिवसाची तहानच आठवायची. आता दगडूची ती वळलेली मान दिसते.

नातीला म्हटलं, "बेटी, पहिल्यानं कसं बोलायचं ते शिकव. पण त्याच्यामागं दुसऱ्यानं कसं उभं राहायचं, ते आधी शिकव."